संध्याकाळच्या मेथीचा भाव

आठवडी बाजारात सकाळी वीस रुपयांना असलेली मेथीची जुडी संध्याकाळी दहा रुपयांना मिळते, आणि संध्याकाळी मेथीचा खपही वाढतो. हे उदाहरण अर्थशास्त्रातल्या कोणत्या नियमाचे, असा प्रश्न बारावीच्या वर्गात विचारला तर बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर येतात: मागणीचा नियम. किंमत उतरली, मागणी वाढली. आपल्याकडच्या बारावीच्या अर्थशास्त्रात उदाहरण देऊन संकल्पना ओळखायला सांगणारा प्रश्न ठरलेलाच असतो आणि त्यासाठी बाजारहाटाचे प्रसंग हाताशी असतात, त्यामुळे हे उत्तर मुलांना पाठही असते. ते सरसकट चूक नाही. पण त्यात मेथीवालीचा पत्ताच नाही. भाव उतरल्यावर गिऱ्हाईक काय करते एवढेच ते सांगते. भाव उतरला का, याचे उत्तर त्यात कुठेही नाही. आणि आठवडी बाजारात खरे अर्थशास्त्र आहे ते त्या 'का'मध्ये. माझे म्हणणे असे, की या बाजारातला भाव समजून घ्यायचा तर आधी विचारायला हवे की समोरच्या विक्रेत्याला या घटकेला 'या भावाला देत नाही' असे म्हणणे किती महाग पडते. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त हा प्रश्न विचारू देतो, किंबहुना तो त्यासाठीच आहे. आपण मुलांना तो विचारायला शिकवत नाही, इतकेच.

आधी भाव कसा उतरतो ते नीट पाहू, कारण तो 'वीसवरून दहा' असा एका उडीत उतरत नाही. सकाळी आरोळी असते 'वीसला जुडी'. दुपार कलली की तीच 'तीसला दोन' होते. चार-साडेचारला 'वीसला दोन', आणि दिवेलागणीला 'वीसला तीन, न्या'. जुडीमागे हिशोब केला तर वीस, पंधरा, दहा आणि शेवटी पावणेसातच्या आत. मधल्या पायरीत एक बारकावा आहे. 'तीसला दोन' म्हणजे पहिली जुडी वीसला आणि दुसरी दहाला. एका घराला दुसऱ्या जुडीची गरज पहिलीइतकी नसते; घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त म्हणतात तो हाच, आणि तो न शिकलेली बाईही त्यावर रोज धंदा करते. मिरच्या, भेंडी, गवार वाट्याने विकणाऱ्यांकडे तर आकडा बदलतच नाही. सकाळीही 'दहाला वाटा' आणि संध्याकाळीही 'दहाला वाटा'. फक्त वाटा फुगत जातो. आरोळीतली किंमत वहीत टिपून घेणारा विद्यार्थी अशा दुकानापुढे दिवसभर बसला तरी 'किंमत स्थिर राहिली' असेच लिहील. किंमत म्हणजे किती मालाला किती पैसे, हे ठरवल्याशिवाय बाजारातली कुठलीच नोंद कामाची नाही.

आता मागणीचा नियम. त्याच्या तोंडाशी एक अट असते, जी मुले घोकतात आणि सोडून देतात: 'इतर परिस्थिती स्थिर असताना'. बाजाराच्या गावी सकाळ आणि संध्याकाळ यांत स्थिर काय असते? सकाळी येतो तो निवडून घेणारा: गावातले नोकरदार घर, खानावळवाला, घरी कार्य असलेला. कोवळी मेथी हवी म्हणून तो वीस रुपये देतो. संध्याकाळी येतात ते शेतातून सुटलेले मजूर. अनेक भागांत आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच हातात पडते, आणि ती पडल्याशिवाय बाजार होत नाही. म्हणजे संध्याकाळी मेथी जास्त खपली ती त्याच माणसांनी स्वस्ताईमुळे जास्त घेतली म्हणून, की खिशात पैसे घेऊन वेगळीच माणसे आली म्हणून? पहिल्याला पुस्तकी भाषेत मागणीचा विस्तार म्हणतात. किंमत बदलते आणि आपण त्याच वक्रावर खाली सरकतो. दुसरी आहे मागणीतील वाढ. तिथे अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो. परीक्षेत या दोहोंतला फरक सांगा असा प्रश्न हमखास येतो आणि मुले तक्ता आखून तो सोडवतातही. पण मेथीच्या उदाहरणात दोन्ही एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि नुसत्या भाव व खपाच्या आकड्यांवरून ते वेगळे करता येत नाहीत.

ही अडचण शाळकरी नाही. एल्मर वर्किंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1927 साली नेमकी हीच मांडली. बाजारात आपल्याला दिसतो तो दर वेळचा एक बिंदू, जिथे त्या क्षणीची मागणी आणि त्या क्षणीचा पुरवठा भेटले. असे चार बिंदू जोडून काढलेली रेघ मागणीची तेव्हाच असते, जेव्हा मागणी जागच्या जागी राहिली आणि पुरवठा तेवढा हलला. उलट झाले तर ती पुरवठ्याची रेघ. दोन्ही हलले तर ती कशाचीच नाही. प्रकल्पासाठी बाजारात पाठवलेली मुले सकाळ-दुपार-संध्याकाळचे भाव आणि खप टिपतात, आलेखकागदावर बिंदू मांडतात आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ मिळाली की 'मागणीचा नियम सिद्ध झाला' असे लिहून मोकळी होतात. त्यांना पूर्ण गुण मिळत असतील तर त्यात त्यांचा दोष नाही.

मग भाव उतरतो कशाने? याचे उत्तर मेथीच्या शेजारच्या दुकानात आहे. तिथे कांद्याचे पोते उघडे आहे. बाजार तोच, वेळ तीच, गिऱ्हाईकही तेच. पण मेथी निम्म्यावर आली तेव्हा कांदा फार तर रुपया-दोन रुपयांनी हलतो. मागणीच्या नियमाने हा फरक उलगडत नाही. साध्या हिशोबाने उलगडतो. समजा संध्याकाळी पाच वाजता मेथीवालीकडे चाळीस जुड्या उरल्या आहेत आणि उद्या जवळपास कुठेच बाजार नाही. माल परत नेला तर रात्रीतून निम्म्या जुड्या पिवळ्या पडतील. उरलेल्या वीस जुड्या उद्या तालुक्याला नेऊन आठ रुपयांनी गेल्या तर एकशे साठ रुपये. त्यासाठी जाण्यायेण्याचे भाडे शंभर. हातात साठ. ते चाळीस जुड्यांवर वाटले तर एका जुडीमागे दीड रुपया. म्हणजे आत्ता दीड रुपयापेक्षा जे काही जास्त मिळेल ते उद्यापेक्षा बरे, आणि उद्याचा तिचा दिवस या हिशोबात धरलेलाच नाही. आता कांदेवाल्याचे बघा. पन्नास किलोचे पोते, भाव किलोला वीस. परत नेले तर पुढच्या बाजारापर्यंत किलोभर कांदा सडेल आणि हमालीचे वीस रुपये जातील. एकोणपन्नास किलोचे नऊशे ऐंशी, त्यातून वीस गेले की नऊशे साठ. किलोमागे एकोणीस रुपये वीस पैसे. तो एकोणीसच्या खाली का येईल? दोघांच्याही मनात एक आकडा आहे, ज्याखाली माल द्यायचा नाही. अर्थशास्त्रात त्याला राखीव किंमत म्हणतात. मेथीवालीची दीड रुपया आहे, कांदेवाल्याची जवळजवळ बाजारभावाइतकीच.

बारावीच्या पुस्तकात साठा आणि पुरवठा यांतला फरक शिकवतात तो इथे कामाला येतो. विक्रेत्याजवळ आहे तो साठा. त्यातला जेवढा एका भावाला विकायची त्याची तयारी आहे तो पुरवठा. नाशवंत मालात दोन्ही एकच होतात, हे पुस्तक सांगतेच. पण कधी होतात, हा प्रश्न राहून जातो. सकाळी नऊला मेथीचा साठाही पुरवठ्याहून मोठा असतो, कारण मेथीवाली 'पंधराला मागता? मग राहू द्या' म्हणू शकते. पुढे सगळा दिवस पडलेला असतो. दिवस जसा कलतो तसा तिचा नकार स्वस्त भावापर्यंत खाली घसरत जातो, आणि पाचनंतर साठा म्हणजेच पुरवठा. पुरवठ्याचा वक्र उभा राहतो. मग भाव किती, हे त्या घटकेला आलेल्या गिऱ्हाइकांवर जवळजवळ पूर्णपणे सोपवलेले असते. पाऊस आला तर मातीमोल, आणि शेवटच्या दहा जुड्यांना वीस गिऱ्हाइके असतील तर संध्याकाळी भाव चढूही शकतो. श्रावणात किंवा एकादशीच्या आधी रताळी, केळी अशी उपासाची वस्तू बाजार उठताना महाग झालेली दिसते ती यामुळेच.

आल्फ्रेड मार्शलने 1890 च्या आपल्या ग्रंथात एका छोट्या गावातल्या धान्यबाजाराचे उदाहरण घेतले आहे. छत्तीस शिलिंग भावाला शेतकरी सातशे माप धान्य विकायला तयार आणि गिऱ्हाइकेही सातशेच घ्यायला तयार. सदतीस झाले तर विकायला हजार येतील पण घेणारे सहाशेचेच; पस्तीस झाले तर घेणारे नऊशेचे, विकणारे सहाशेचे. आपल्या पुस्तकांत समतोल शिकवायला असाच तक्ता वापरतात. पण तक्त्याबरोबर मार्शलने जे सांगितले ते मागे पडले: कुठल्या भावाला किती माल बाहेर काढायचा हे प्रत्येक शेतकरी आपल्याला रोख पैशाची किती निकड आहे आणि बाजाराची आजची-उद्याची स्थिती काय, याच्या अंदाजावर ठरवतो. म्हणजे पुरवठ्याच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा हा कुणाच्या तरी अडचणीचा किंवा सवडीचा आकडा आहे. तो मार्शलला धान्यात दिसला. भाजीत तो जास्त ठळक दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की संध्याकाळची मेथी आणि सकाळची मेथी ही एकच वस्तू नाही; ती सुकलेली असते, म्हणून स्वस्त. यात तथ्य आहे. दर तासाला पाणी शिंपडत बसावे लागते ते उगीच नाही. पण हा आक्षेप तपासून बघता येतो. दुपारी तीनला आभाळ भरून आले, वारा सुटला, की त्या पाच मिनिटांत भाव कोसळतो. तेवढ्यात पाने सुकत नाहीत. उलट हवा थंड होते. सुकलेला असतो तो विक्रीचा उरलेला वेळ. दुसरे म्हणजे लाल भोपळा किंवा सुरण. दोन्ही संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे राहतात. पण ज्याला लांबच्या गावी शेवटच्या गाडीने परतायचे आहे आणि ओझे नेणे परवडत नाही तो भोपळाही उतरवूनच देतो. माल टिकतो, पण माणसाला थांबता येत नाही. गुणवत्ता भाव पाडते हे खरे. पण तेवढ्यानेच सगळे उलगडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आणि म्हणून जास्त पसरलेला: उत्पादनखर्च निघत नसेल तर शेतकरी विकेलच कशाला? बियाणे, खत, काढणीची मजुरी, टेम्पो, शिवाय बाजारात बसल्याबसल्या फाडलेली जागेची पावती. हा सगळा खर्च झालेला आहे. मेथी विकली तरी झाला, ओढ्यात टाकली तरी झाला. म्हणून संध्याकाळी पाचच्या भावावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. हे ऐकायला निष्ठुर वाटते, पण टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची बातमी कधी येते ते बघा: तोडणी आणि वाहतूक यांचा पुढचा खर्चही भावातून निघत नाही तेव्हा. मागे झालेला खर्च निघत नसतानाही शेतकरी कितीतरी दिवस माल बाजारात आणतच असतो. उत्पादनखर्च बोलतो तो उशिरा, पुढच्या लावणीत. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो आभाळाला भिडला आणि सप्टेंबरात कोसळला, यात महागाईच्या दिवसांत झालेल्या लावणीचा मोठा हात होता. पुस्तकातला पुरवठ्याचा नियम, किंमत वाढली की पुरवठा वाढतो, तो इथे खरा ठरतो; मात्र काही महिन्यांच्या अंतराने. एकाच बाजाराच्या एका दिवसाला तो लावू गेले की फसगत होते.

विक्रेत्याची राखीव किंमत वर कशाने उचलली जाईल? सर्वांत साधे उत्तर: उद्या दुसरीकडे बाजार असला तर. आपल्याकडे एका टापूतल्या गावांचे वार वाटलेले असतात. आज इथे, उद्या पाच-सात कोसांवर तिथे. फिरते व्यापारी ही फेरी धरूनच जगतात. जेम्स स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने 1962 मध्ये कोरियातल्या बाजारांवरून याची उपपत्ती दिली: एका गावाची मागणी रोजचे दुकान पोसण्याइतकी नसली, तर दुकानदाराने गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी स्वतःच फिरावे. आठवडी बाजार आठवड्यातून एकदा का भरतो, हाच मुळात मागणीचा प्रश्न आहे, आणि तो वर्गात कुणी विचारत नाही. मेथीवालीकडे परत येऊ. उद्या शेजारच्या गावी बाजार आहे आणि ती ताजा माल घेऊन तिथे जाणारच आहे. ओल्या गोणपाटात बांधून तीस जुड्या वाचल्या आणि दहाने गेल्या तर तीनशे रुपये. भाडे वेगळे पडत नाही. चाळीस जुड्यांवर ते साडेसात रुपये होतात. आधीच्या हिशोबात जी दीड रुपयाला अडली होती ती आता साडेसातच्या खाली येणार नाही. माल तोच, खर्च तोच, गिऱ्हाईक तेच. फक्त उद्याचा बाजार बदलला.

पण दुसरीकडे बाजार असून भागत नाही. तिथे काय चालले आहे हे कळावे लागते. केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल आला, त्याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मोबाइलच्या आधीच्या एका सकाळी बडगरा येथे अकरा होड्यांवर गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकायची वेळ आली होती, आणि पंधरा किलोमीटरच्या आतच्या बाजारांतून सत्तावीस गिऱ्हाइके मासळीअभावी परतायच्या बेतात होती. फोन आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारू लागल्या. मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. दोघांचेही भले कसे झाले याचे कोडे पडायला नको. आधी जे फेकले जात होते ते आता विकले गेले. समतोल किंमत आपोआप येत नाही. ती यायला कुणाला तरी कुठला तरी निरोप वेळेवर मिळावा लागतो.

या सगळ्याची सर्वांत कडू बाजू सातपुड्यातल्या आणि गडचिरोलीतल्या बाजारांत दिसते. तिथे मोहफुले, चारोळी, डिंक घेऊन येणारा माणूस आधी विकतो आणि मग त्याच पैशाने तेल, मीठ, मिरची घेतो. समजा त्याला पाचशे रुपयांचा बाजार करायचा आहे. मालाला किलोला पंचवीस मिळाले तर तो वीस किलो विकेल. व्यापाऱ्यांनी भाव वीसवर आणला तर पंचवीस किलो. भाव उतरला आणि पुरवठा वाढला. पुस्तकात हे पुरवठ्याच्या नियमाच्या अपवादांत 'रोख रकमेची निकड' म्हणून एका ओळीत येते. पण व्यापाऱ्याला ही ओळ पक्की ठाऊक असते. भाव पाडल्याने माल कमी न येता जास्त येतो हे ज्याला कळले, त्याला भाव पाडण्यापासून कोण रोखणार? मोहफुले वाळवून टिकतात, मेथीसारखी नासत नाहीत. तरीही विकणारा मेथीवालीइतकाच अडलेला असतो, कारण त्याच्या घरातले मीठ संपलेले असते. दुष्काळात गुरांच्या बाजारात बैलांची रीघ लागते आणि भाव गडगडतात, तेही याच अपवादाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते मात्र मला पटत नाही. तिथे चारा-पाणी संपल्याने बैल ठेवण्याचाच खर्च वाढलेला असतो आणि पुरवठ्याचा सगळा वक्र उजवीकडे सरकलेला असतो. भाव पडला तो त्यामुळे. दोन्ही ठिकाणी भाव कमी आणि माल जास्त हेच दिसते, पण कारण वेगळे आणि म्हणून उपायही वेगळा. एकीकडे हातउसने पैसे किंवा हमीची खरेदी लागेल, दुसरीकडे चारा छावणी.

घासाघिशीचा मुद्दा राहिला. बाजारात एक भाव नसतोच, तोंड बघून भाव सांगतात, मग एका समतोल किमतीचा सिद्धान्त इथे लावायचा कसा? एका भावाची अपेक्षा दिवसाच्या सुरुवातीला चूक आहे हे मान्य. सकाळी कोण किती माल घेऊन आले आहे हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून सांगितलेला आणि दिलेला भाव यांत अंतर मोठे. दुपारपर्यंत दहा दुकाने फिरून आलेल्या बायका 'पलीकडे पंधराला देतायत' म्हणू लागतात आणि अंतर मिटत जाते. घासाघीस हाच इथला भाव कळण्याचा मार्ग आहे. सिद्धान्तात ती बसत नाही असे नव्हे.

हे सगळे बारावीच्या मुलाला झेपेल का, असे शिक्षक विचारतील. यात एकही संज्ञा अशी नाही जी त्याच्या पुस्तकात नाही किंवा त्याच्या आजीला व्यवहारातून ठाऊक नाही. अडते ते प्रश्नाच्या रचनेवर. 'नियम ओळखा' म्हटले की मुलगा नियम ओळखतो आणि थांबतो. त्याऐवजी असे विचारून पाहावे: एकाच बाजारात संध्याकाळी मेथीचा भाव निम्मा झाला आणि कांद्याचा जवळपास तसाच राहिला, याची कारणे द्या, आणि मेथीचा वाढलेला खप हा मागणीचा विस्तार की मागणीतील वाढ, हे ठरवायला आणखी कोणती माहिती लागेल ते लिहा. जो मुलगा लिहील की उद्या शेजारी बाजार आहे का, मजुरी कोणत्या वारी मिळते आणि सकाळचे गिऱ्हाईक संध्याकाळी पुन्हा आले का हे कळल्याशिवाय मी ठरवणार नाही, त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला परीक्षकांनी मागेपुढे पाहू नये.